आपली ओळख दुसऱ्याच्या तोंडी: नागपुरातल्या मीटिंगसाठी तीस सेकंदांची तयारी

ज्या व्यवसायाच्या मीटिंगमध्ये प्रत्येकजण उभा राहून तीस सेकंदांत आपली ओळख सांगतो, तिथे पहिल्यांदा जाणारा माणूस एक प्रश्न मनात धरून ओळख तयार करतो: मी उभा राहून काय बोलू? हिंगण्याच्या एमआयडीसीत माझा खोक्यांचा कारखाना आहे, आणि बारा-तेरा वर्षं अशा मीटिंगना जातो आहे. इतक्या वर्षांत मला उलट्या बाजूने सुरुवात करणं जमलं आणि उपयोगी पडलं. प्रश्न असा ठेवायचा: मी तिथे नसताना, दोन दिवसांनी, समोरचा माणूस तिसऱ्या कोणाला माझ्याबद्दल एका वाक्यात काय सांगेल?

कारण काम तिथूनच येतं. सभागृहात बसलेल्या चाळीस जणांपैकी आज, आत्ता तुमची गरज असलेला एखादाच असतो, बऱ्याचदा तोही नसतो. पण त्या चाळीस जणांना पुढच्या आठवड्यात मेहुणा भेटतो, शेजारचा दुकानदार भेटतो, गिऱ्हाईक भेटतं. त्यातल्या कोणी अडचण सांगितली तर त्या क्षणी तुम्ही आठवायला हवे. म्हणजे ओळख बांधताना दोन गोष्टी ठरवायच्या: कोणाची अडचण, आणि ती नेमकी कोणत्या वेळी तोंडावर येते.

हे नुसतं सांगून उमगत नाही, म्हणून माझ्या मावसबहिणीचं उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत देतो. ती महालात एका खोलीत ऑफिस चालवते. सीए नाही. लोकांची हिशेबाची पुस्तकं लिहिते आणि जीएसटीची रिटर्न भरते. सिव्हिल लाइन्समध्ये एका मीटिंगला पहिल्यांदा जायचं होतं, तेव्हा तिने लिहून आणलेली ओळख अशी होती:

"नमस्कार, मी अकाउंटिंग, जीएसटी, टीडीएस, पेरोल, उद्यम नोंदणी, फूड लायसन्स अशी सर्व प्रकारची कामं करते. छोट्या-मोठ्या सर्व व्यावसायिकांना एकाच छताखाली दर्जेदार आणि वेळेवर सेवा देणं हे आमचं वैशिष्ट्य आहे."

यात खोटं काही नाही. पण ऐकणाऱ्याने यातलं काय लक्षात ठेवायचं? सहा कामं ठेवता येत नाहीत. "दर्जेदार आणि वेळेवर" हे त्याच खोलीत तिच्याआधी वीस जण म्हणून गेलेले असतात. आणि "सर्व व्यावसायिक" म्हटल्यावर डोळ्यांसमोर एकही चेहरा येत नाही.

पहिलं काम: बिलबुक काढा

मी तिला म्हटलं, "ओळख नंतर लिहू. आधी मागच्या वर्षाची बिलं काढ."

एका कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात गिऱ्हाईक कोण आणि त्याचा धंदा काय. दुसऱ्यात, त्याने पहिल्यांदा फोन केला तेव्हा काय म्हणाला, होता होईल तो त्याच्याच शब्दांत. तिसऱ्यात, त्याने पुढे कोणाला तुमच्याकडे पाठवलं का. तिसरा रकाना लोक गाळतात आणि तोच सगळ्यात कामाचा असतो, कारण तुमच्याबद्दल लोक आधीपासून काय सांगत फिरतात ते तिथेच कळतं.

तिच्याकडे सतरा गिऱ्हाइकं निघाली. त्यातली नऊ इतवारी आणि गांधीबागेतले ठोक व्यापारी: कापड, किराणा, हार्डवेअर. बाकी दोन क्लिनिक, एक कोचिंग क्लास, एक खानावळ अशी विखुरलेली. दुसऱ्या रकान्यात नऊपैकी पाच जणांच्या नावापुढे जवळजवळ एकच वाक्य आलं: "ताई, माल घेतला, पैसे दिले, अन् जीएसटीचं क्रेडिटच दिसत नाही." क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी, जो आपण भरायच्या जीएसटीतून वजा होतो. त्या पाचांतले तिघे एकमेकांच्या सांगण्यावरून आलेले होते.

तिची ओळख इथेच तयार होती. ती सुचवावी लागली नाही, वहीत सापडली. तुम्ही अगदी नवीन असाल आणि बिलं दोन-तीनच असतील, तर ज्यांनी भाव विचारला पण काम दिलं नाही त्यांचे फोनही धरा. अडचण त्यांनीही सांगितलेलीच असते.

इथे प्रत्येकाला एक भीती वाटते, आणि तिनेही विचारलं, "दादा, मी फक्त ठोक व्यापारी म्हटलं तर क्लिनिकवाले येणार नाहीत ना?" माझा अनुभव उलटा आहे. इतवारीच्या व्यापाऱ्याचं नाव घेतलं की ऐकणारा मनात एक चित्र धरतो, आणि चित्र एकदा बसलं की स्वतःहून विचारतो, "आमच्या क्लिनिकचं करता का?" चित्रच नसेल तर विचारायचं सुचत नाही. ओळखीत एक गिऱ्हाईक सांगायचं याचा अर्थ बाकीच्यांना नाही म्हणायचं असा होत नाही.

वेळ शोधा, काम नंतर

"मी जीएसटी रिटर्न भरते" हे काम झालं. "क्रेडिट दिसत नाही" ही वेळ झाली. लोकांना तुमच्या कामाचं नाव आठवत नाही, कारण रोजच्या बोलण्यात ते नाव येतच नाही. कोणी चहाच्या टपरीवर "मला हिशेबनीस हवा" असं क्वचितच म्हणतं. "यार, माझं चाळीस हजारांचं क्रेडिट अडकलं" असं मात्र म्हणतं. ओळखीत ती बोली उचलायची.

माझ्या धंद्यातलं सांगतो. मी वर्षानुवर्षं "आम्ही तीन प्लाय, पाच प्लाय, सात प्लाय सर्व प्रकारचे कोरुगेटेड बॉक्स बनवतो" असं म्हणत असे. लोक मान डोलवत. आता म्हणतो, "पावसाळ्यात ट्रकमधून माल उतरवताना ज्यांच्या खालच्या थरातली खोकी बसलेली असतात, त्यांच्यासाठी मी खोकी बनवतो." कोरुगेटेड कागद हवेतली ओल पितो आणि नरम पडतो, मग वरच्या थरांचं वजन खालच्या खोक्याला पेलत नाही. मसाले, फरसाण, बाटल्या पाठवणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्य डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि ज्याने पाहिलं नाही त्यालाही समजतं. प्लाय किती ते मग गिऱ्हाईकच विचारतं.

लिहा, आणि पहिल्या प्रश्नावर घासून बघा

बहिणीने दुसऱ्यांदा लिहिलं ते असं: "इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्यांना माल घेऊनही क्रेडिट मिळत नाही, कारण विकणाऱ्याने बिल चढवलेलं नसतं. मी चौदा तारखेला अशी बिलं शोधून काढते."

ऐकायला छान. पण मी कापड व्यापाऱ्याच्या भूमिकेत बसलो आणि विचारलं, "चौदा तारखेला शोधून मला काय फायदा?"

ती थांबली, आणि थांबणं बरोबर होतं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या विक्रेत्याला जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत असते. त्यावरून खरेदीदाराचं जीएसटीआर-२बी हे क्रेडिटचं पत्रक १४ तारखेला तयार होतं, आणि खरेदीदार २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरतो. विक्रेत्याने ११ तारीख चुकवली की ते बिल त्या महिन्याच्या २बीत येत नाही, पुढच्या महिन्यावर जातं. म्हणजे चौदाला शोधणारी बाई फक्त वाईट बातमी देते. खरं काम त्याआधी व्हायला हवं, आणि ती ते करतच होती: पाच तारखेपर्यंत खरेदीची बिलं मागवून घ्यायची, नेहमी उशीर करणारे विक्रेते वेगळे काढायचे आणि अकराच्या आत त्यांना फोन लावायचे. इतकी मोलाची गोष्ट तिच्या वाक्यातच आली नव्हती.

ओळखीची खरी परीक्षा म्हणूनच पहिला प्रश्न ही आहे. तुमच्या धंद्यातला जाणकार माणूस त्या खोलीत हमखास असतो. त्याने "म्हणजे नक्की कसं?" असं विचारल्यावर दोन वाक्यांत सरळ उत्तर देता येत नसेल, तर ओळखीतलं वाक्य अजून कच्चं आहे. जाणकार मित्राला समोर बसवून तीन प्रश्न विचारायला लावा. जिथे अडखळाल तिथे बहुतेक वेळा तुमच्या कामातला सगळ्यात चांगला भाग लपलेला असतो.

शेवटी तयार झालेली ओळख ही:

"नमस्कार. मी (नाव), महालात माझं ऑफिस आहे. माल घेतला, जीएसटीसकट पैसे दिले, आणि रिटर्न भरायच्या दिवशी कळलं की क्रेडिट आलंच नाही, कारण विकणाऱ्याने बिल चढवलं नाही. इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्यांसाठी मी अशी बिलं आधीच हुडकते आणि अकरा तारखेच्या आत विकणाऱ्याला फोन करते. गेल्या वर्षी एका हार्डवेअरवाल्यांचं पंचेचाळीस हजारांचं क्रेडिट असंच वेळेत आलं. 'क्रेडिट दिसत नाही' असं कोणी म्हणालं, तर त्यांना माझ्याशी बोलायला सांगा. मी (नाव), महाल."

साठ-पासष्ट शब्द आहेत. घाई न करता बोललं तर तीस सेकंदांत बसतं. तुमचा वेग वेगळा असेल, म्हणून शब्द मोजण्यापेक्षा मोबाइलचं घड्याळ लावून मोठ्याने बोला. मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं, त्यावर विसंबू नका. आणि पंचवीस सेकंदांचं तयार करा. उभं राहणं, माइक हातात घेणं, पहिला श्वास यात पाच सेकंद जातातच.

नाव दोनदा का? सुरुवातीला लोक अजून आधीच्या माणसासाठी टाळ्या वाजवत असतात, खुर्ची सरकवत असतात, त्या गडबडीत नाव वाहून जातं. अडचण ऐकल्यावर मात्र "ही कोण?" असं वाटतं, आणि नाव तेव्हाच हवं असतं.

पंचेचाळीस हजार हा आकडा खरा आहे: तीन बिलं मिळून अडीच लाख, त्यावर अठरा टक्के. आकडा एकच ठेवा, आणि तो विचारल्यावर उलगडून दाखवता येईल असाच ठेवा. "लाखो रुपये वाचवले" याने कोणी हलत नाही. पण गिऱ्हाइकाला आधी विचारा, आणि नाव, गल्ली, नातं काहीही सांगू नका. इतवारी ओळखीच्या माणसांनी भरलेली आहे. "अमक्या चौकातले हार्डवेअरवाले" इतकंही ओळखायला पुरे होतं, आणि मग तुमच्याकडे हिशेब द्यायला दुसरा व्यापारी कचरतो. तिने त्या गृहस्थांची परवानगी घेतली होती, तरी चौक गाळला.

हिंदीचं काय

नागपुरात हा प्रश्न टाळता येत नाही. मीटिंग मराठीत सुरू होते आणि चहापर्यंत हिंदीत गेलेली असते. बाजारातले मारवाडी, गुजराती, सिंधी व्यापारी मराठी समजतात, पण अडचण हिंदीत सांगतात. म्हणून दुसरी ओळख हिंदीत हवी, आणि ती मराठीवरून शब्दाला शब्द लावून करू नका. पुन्हा बिलबुकाचा दुसरा रकाना उघडा. हिंदीत फोन करणारा व्यापारी बहिणीला म्हणत असे, "दीदी, क्रेडिट फँस गया।" मग तिच्या हिंदी ओळखीचं पहिलं वाक्यच ते झालं: "माल लिया, पैसा दिया, और क्रेडिट फँस गया।" मराठीत "दिसत नाही", हिंदीत "फँस गया". दोन्ही वाक्यं बाजारातलीच आहेत, म्हणून दोन्ही बसतात.

खोलीत कोणती भाषा वापरायची? मराठी उद्योजकांच्याच बैठकीत, सॅटर्डे क्लबसारख्या ठिकाणी, प्रश्नच येत नाही. मिश्र ठिकाणी ज्यांची अडचण सांगता आहात त्यांची भाषा धरा. एकाच ओळखीत अर्धी मराठी अर्धी हिंदी करू नका, तीस सेकंदांत ऐकणाऱ्याचा कान दोनदा बदलत नाही.

घोकणं आणि न घोकणं

पहिलं आणि शेवटचं वाक्य शब्दशः पाठ करा. मधलं पाठ करू नका, फक्त क्रम लक्षात ठेवा: अडचण, कोणासाठी, मी काय करते, एक प्रसंग, कोणाला पाठवा. सगळं पाठ केलं की एक शब्द विसरताच गाडी थांबते आणि चेहऱ्यावर ते दिसतं. पहिलं वाक्य पाठ असलं की सुरुवातीची धडधड त्यातच निघून जाते.

"कोणाला पाठवा" हे वाक्य मराठी माणूस संकोचाने गाळतो. ते गाळलं तर ऐकणाऱ्याला ओळख आवडते, पण पुढे काय करायचं ते कळत नाही. मात्र काहींनी ते मुद्दाम गाळायलाच हवं. वकिलांना बार काउन्सिल ऑफ इंडियाचे नियम काम मागायला आणि जाहिरात करायला मनाई करतात, सनदी लेखापालांवर १९४९ च्या कायद्याखाली तशी बंधनं आहेत, डॉक्टरांनाही आपल्या परिषदेचे नियम आहेत. या मंडळींनी काय काम करतो आणि कोणत्या प्रकारच्या प्रश्नांवर, इतकं माहितीपुरतं सांगून थांबावं, प्रसंग आणि आकडे टाळावेत, आणि आपल्या संस्थेचे सध्याचे नियम आधी वाचून घ्यावेत. बहिणीला ही अडचण नव्हती, पण तिचं वाक्य ऐकून शेजारच्या सीए मॅडमनी तसंच म्हणायचं ठरवलं असतं तर ते चाललं नसतं.

खोलीत गेल्यावर

बीएनआयसारख्या साप्ताहिक गटात प्रत्येकाला ठरलेली वेळ असते आणि घंटा वाजते. तिथे वरची पूर्ण ओळख. एखाद्या औद्योगिक संघटनेच्या व्याख्यानानंतर हातात बशी घेऊन कोणी विचारलं, "काय करता भाऊ तुम्ही?" तर तीस सेकंद बोलायला लागू नका, समोरचा पोहे खातो आहे. तिथे एकच वाक्य: "इतवारीतल्या व्यापाऱ्यांचं जीएसटी क्रेडिट अडकू नये हे बघते." आणि गप्प बसा. त्याला कुतूहल वाटलं तर तो "म्हणजे?" असं विचारतो, मग प्रसंग सांगा. नाही विचारलं तर तुम्ही त्याला विचारा, तो काय करतो. ज्याने "म्हणजे?" विचारलं त्याच्याच डोक्यात तुम्ही राहता.

तुमच्या आधी तुमच्याच धंद्यातला माणूस बोलून गेला तर ओळख बदलू नका. बहिणीच्या वेळी असंच झालं, तिच्याआधी जीएसटीचं काम करणारे दोघं बोलले. दोघांनी कामांची यादी वाचली. तिने "माल घेतला, पैसे दिले" म्हणून सुरुवात केली आणि मागच्या रांगेतला एक किराणा व्यापारी पुढे झुकला, हे मी पाहिलं.

जमलं की नाही हे टाळ्यांवरून ओळखू नका, टाळ्या सगळ्यांना पडतात. ते ओळखायची एकच पद्धत मी मानतो, आणि ती मीटिंगच्या आधीच करायची. तुमच्या धंद्याशी संबंध नसलेल्या एकाला ओळख एकदाच ऐकवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला फोन करून म्हणा, "मी काय करतो ते तुझ्या बायकोला सांग, मी ऐकतो." तुमचं वाक्य शब्दशः आलं नाही तरी चालेल. कोणासाठी आणि कोणत्या वेळी, या दोन गोष्टी आल्या पाहिजेत.

बहिणीने हे माझ्या कारखान्यातल्या सुपरवायझरवर करून पाहिलं. पहिल्या ओळखीनंतर तो म्हणाला, "ताई ऑफिसचं काम करते, टॅक्सचं काहीतरी." शेवटच्या ओळखीनंतर म्हणाला, "व्यापाऱ्याचं क्रेडिट अडकलं तर ताई विकणाऱ्याला फोन करून बिल चढवून घेते." तिने लिहिलेल्या साठ शब्दांपेक्षा हे वाक्य आखूड आणि चांगलं होतं. तिने ते तसंच्या तसं उचललं. "हुडकते" हा शब्द काढला आणि "बिल चढवून घेते" हे घातलं.

पहिल्या मीटिंगनंतर एकदम फोन येतील असं धरू नका. त्याच गटात पुन्हा जायचं असेल तर पहिलं वाक्य सहा-आठ मीटिंग तेच ठेवा. तुम्हाला त्याचा कंटाळा येईल, पण ऐकणाऱ्याने ते महिन्यातून चारदाच ऐकलेलं असतं. बदलायचा तो फक्त प्रसंग: एकदा हार्डवेअरवाला, एकदा कापडवाला, एकदा तो विक्रेता जो तीन महिने फोन उचलत नव्हता. बहिणीला चौथ्या आठवड्यात एका फर्निचरवाल्याने त्याच्या साडूचा नंबर दिला. साडूचं दुकान गांधीबागेत, कापडाचं. फर्निचरवाला त्याला फोनवर म्हणाला होता, "ते क्रेडिट अडकतं ना तुमचं, त्याची एक ताई आहे महालात."